दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या गाडीचं इंजिन ऑइल: जाड ऑइल, हाय मायलेज ऑइल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः साध्या पेट्रोल गाड्यांसाठी आहेत: टर्बो नसलेलं, एक लिटर ते सव्वा लिटरचं, चार किंवा तीन सिलिंडरचं इंजिन, मॅन्युअलमध्ये 5W-30 सांगितलेलं आणि ओडोमीटर दोन-अडीच लाखांच्या पुढे गेलेलं. डिझेल आणि सीएनजीबद्दल जिथे वेगळं सांगायला हवं तिथे सांगितलं आहे.

गाडी दोन लाखांवर गेली म्हणजे ऑइल जाड करायलाच हवं का?

नाही. ओडोमीटरचा आकडा पाहून ग्रेड बदलायची नसते. अडीच लाख किमी चाललेलं इंजिन हजार किलोमीटरला शंभर मिलीपेक्षा कमी ऑइल घेत असेल, गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत नसेल आणि टॅपेटचा आवाज वाढला नसेल, तर मॅन्युअलमधलीच ग्रेड चालू ठेवा. महामार्गावर चालून दोन लाख झालेली गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐंशी हजार झालेल्या गाडीपेक्षा आतून चांगली असू शकते, कारण झीज मुख्यतः थंड स्टार्ट, छोट्या फेऱ्या आणि वेळेवर न बदललेल्या ऑइलमुळे होते.

ग्रेड बदलण्याचा विचार तेव्हाच करा, जेव्हा इंजिन ऑइल खातंय हे मोजून सिद्ध झालं असेल किंवा प्रेशर कमी असल्याचं गेजवर दिसलं असेल. त्याआधी ते ऑइल जातंय कुठे, हे शोधायचं.

5W-30, 5W-40, 20W-50 यांत नेमका फरक किती?

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातली जाडी. ही जाडी १०० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये मोजतात. ३० ची ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९.

प्रत्येक ग्रेड हा एक पट्टा आहे, एकच आकडा नाही. त्यामुळे ९.८ चं 5W-30 आणि १२.२ चं 5W-30 दोन्ही दुकानात एकाच नावाने मिळतात, पण गरम इंजिनात दोन्ही सारखी वागत नाहीत. उलट १२.२ चं 5W-30 आणि १३ चं 5W-40 यांत फरक थोडाच असतो. म्हणून डब्यावरच्या नावावर न थांबता कंपनीच्या संकेतस्थळावरची त्या ऑइलची माहितीपत्रिका उघडा आणि १०० अंशाला असलेली व्हिस्कॉसिटी बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि गॅरेजमधला बराच वाद तिथेच मिटतो.

‘हाय मायलेज’ ऑइलमध्ये वेगळं काय असतं? ते जाड असतं का?

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथे अशा डब्यावर बहुतेक ७५,००० मैल, म्हणजे साधारण १,२०,००० किमी, असा उंबरठा लिहिलेला असतो. ‘जाड ऑइल’ आणि ‘हाय मायलेज ऑइल’ यांना आपल्याकडे एकच समजतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 5W-30 हाय मायलेज हे 5W-30 च असतं. फार तर ते पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवलेलं असतं.

खरा फरक आत मिसळलेल्या गोष्टींत असतो. पहिली म्हणजे सील नरम करणारं, बहुधा एस्टर प्रकारचं रसायन. उष्णतेने कडक होऊन आक्रसलेलं रबर ते थोडं फुगवतं आणि लवचिक करतं. दुसरी म्हणजे जास्त डिटर्जंट, जे पिस्टनच्या रिंगांमागचा कार्बन हळूहळू सोडवतात. तिसरी, कमी उडणारं बेस ऑइल. गरम सिलिंडरवर ऑइलचा हलका भाग वाफ होऊन जळतो, म्हणून बेस ऑइल जितकं कमी उडेल तितकं टॉपअप कमी लागतं.

हे सगळं सावकाश होतं. सीलवरचा परिणाम दिसायला साधारण हजार-दोन हजार किमी लागतात, तर रिंगांवरचा परिणाम कळायला एक-दोन ऑइल बदल जावे लागतात. फाटलेलं सील, खाचा पडलेला बोअर, तुटलेली रिंग यांवर यातलं काहीच चालत नाही.

आपल्याकडे असा डबा सहज मिळाला नाही तर चांगलं फुल सिंथेटिक, एपीआय एसपी किंवा त्यानंतरच्या दर्जाचं, मॅन्युअलच्याच ग्रेडचं ऑइल घ्या. सीलचं रसायन सोडलं तर बाकीचं बरंचसं काम तेही करतं.

गाडी ऑइल खाते हे नक्की कसं मोजायचं?

अंदाज बांधू नका, मोजा. गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन गरम करून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढून वाचा. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा आणि ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा.

हजार किमीनंतर त्याच जागी, तितकंच थांबून परत बघा. औषधाच्या मापाने किंवा स्वयंपाकघरातल्या मिलीच्या मापाने ऑइल ओतत वरच्या खुणेपर्यंत या. जितके मिली लागले, तितकं हजार किलोमीटरला खातं. सकाळी थंड इंजिनावर घेतलेलं माप आणि संध्याकाळी गरम इंजिनावर घेतलेलं माप एकमेकांशी जोडू नका, चूक इथेच होते.

दोनशे मिलीपर्यंत जुन्या इंजिनात फार काळजी नको. दोनशे ते पाचशेमध्ये कारण शोधायचं आणि ऑइलचे प्रयोग करायचे. त्यापुढे ऑइलच्या निवडीने फारसं साधत नाही. काही कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालेल म्हणतात, पण तो वॉरंटी नाकारायचा आकडा आहे, निरोगी इंजिनाचा नाही.

ऑइल जळतंय की गळतंय, आणि जळत असेल तर कुठून?

आधी गळती बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडला तर क्रँकशाफ्टचं मागचं सील. इंजिनाच्या वरच्या कडेने ओघळ खाली आला असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग. पुढच्या बाजूला असेल तर चेन कव्हर. ड्रेन बोल्टचं वॉशर आणि फिल्टरची बैठक हीही तपासून घ्या, कारण सर्व्हिसनंतर सुरू झालेली गळती बहुधा तिथलीच असते.

पुठ्ठा कोरडा आणि तरी पातळी उतरतेय, तर ऑइल जळतंय. आता धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर वॉल्व्ह सील कडक झाली आहेत. रात्रभरात वरचं ऑइल त्यांच्यातून झिरपून सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. खंडाळ्याचा किंवा आंबा घाटाचा लांब उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि खाली येताच ॲक्सिलरेटर दाबा. मागच्या आरशात त्या क्षणी निळा धूर दिसला तर संशय पुन्हा वॉल्व्ह सील आणि गाइडवर, कारण थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये तयार झालेली ओढ ऑइल आत खेचते. चढावर, गाडी भरलेली असताना धूर वाढत असेल तर रिंगांकडे बघायचं.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते कळतं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल टाकून परत टेस्ट घ्या, हीच वेट टेस्ट. आकडा चांगला वर आला तर रिंग किंवा बोअर, जागेवरच राहिला तर वॉल्व्ह. मात्र एक लक्षात ठेवा: फक्त ऑइल रिंग कार्बनने अडकली असेल तर कॉम्प्रेशन चांगलं येऊनही गाडी ऑइल खाते, कारण कॉम्प्रेशन धरणाऱ्या रिंगा त्याच्या वर असतात.

पीसीव्ही वॉल्व्ह आधी बदला असं का सांगतात?

कारण तो स्वस्त आहे आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. इंजिनाच्या आत जमणारे वायू हा छोटा वॉल्व्ह परत इनटेकमध्ये पाठवतो. तो उघडा अडकला तर ऑइलचा बारीक फवारा सतत ओढला जाऊन जळतो. बंद अडकला तर आत दाब वाढतो आणि चांगली सीलसुद्धा गळू लागतात. म्हणजे दोन्ही प्रकारांत इंजिन ‘संपलं’ असं वाटतं, आणि दोष निघतो एका छोट्या भागाचा.

बहुतेक गाड्यांत तो काढून कानाजवळ हलवला की आतला तुकडा टकटक वाजला पाहिजे. वाजत नसेल किंवा चिकट काळ्या थराने भरला असेल तर नवा टाका. त्याची नळीही वाकवून बघा, जुनं रबर चिरतं. ऑइल बदलण्याआधी हे काम झालेलं असावं, नाहीतर फरक ऑइलने पडला की वॉल्व्हने, हे कळणार नाही.

एक पायरी जाड ऑइल टाकून बघायचं असेल तर क्रम काय ठेवायचा?

एक उदाहरण घेऊ. समजा २०१२ सालची बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, २,४०,००० किमी चाललेली. चेंबरमध्ये ऑइल तीन लिटरच्या आसपास बसतं आणि डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर आहे. मॅन्युअलमध्ये 5W-30. गळती नाही. हजार किमीनंतर वरच्या खुणेपर्यंत यायला ३५० मिली लागले.

आधी याचा अर्थ समजून घ्या. या वेगाने साधारण २,८५० किमीमध्ये पातळी खालच्या खुणेला टेकते. सर्व्हिस दहा हजारांना असेल आणि मध्ये कोणी बोनेट उघडलं नाही, तर हिशेबाने साडेतीन लिटर ऑइल लागलं असतं, म्हणजे चेंबरमध्ये आहे त्याहून जास्त. अशी इंजिनं चुकीच्या ग्रेडने मरत नाहीत, कमी पातळीने मरतात. म्हणून या गाडीचा पहिला इलाज म्हणजे दर ५०० किमीला डिपस्टिक आणि डिकीत त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा.

मग पीसीव्ही वॉल्व्ह आणि ऑइल भरायच्या झाकणाचं रबर बदलायचं आणि परत हजार किमी मोजायचं. समजा ३०० मिली आलं. आता ऑइल आणि फिल्टर बदलून 5W-30 हाय मायलेज किंवा चांगलं फुल सिंथेटिक 5W-30 टाकायचं. पहिल्या हजार किलोमीटरच्या मापावरून काही ठरवू नका. तीन हजारांपर्यंत जा आणि शेवटच्या हजारांचं माप धरा. समजा २४० आलं. त्या वेळी ऑइल लवकर काळं झालं असेल तर ते स्वच्छता होत असल्याचं लक्षण आहे. ते पाच हजारांपर्यंत न ताणता काढून टाकलेलं बरं.

त्यानंतर 5W-40. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तोच, फक्त गरम आकडा एक पायरी वर. पुन्हा तीन हजार किमी आणि शेवटच्या हजारांचं माप. खप साधारण एक तृतीयांशाने किंवा जास्त कमी झाला, तर 5W-40 वर राहा. पंधरा-वीस मिलीचाच फरक असेल तर तो मोजण्यातला फरक धरायचा आणि 5W-30 वर परत यायचं, कारण जाड ऑइलने ॲव्हरेज थोडं का होईना पडतंच.

हा प्रयोग करण्याआधी मॅन्युअलमधला तापमान आणि ग्रेडचा तक्ता बघा. आपल्याकडच्या अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यात 10W-40 किंवा 15W-40 देखील दिलेलं असतं. नव्या, 0W-16 किंवा 0W-20 सांगितलेल्या इंजिनांना थेट ४० वर नेऊ नका, एकच पायरी चढा.

गॅरेजवाला म्हणतो, 20W-50 टाका, धूर बंद होईल. चालेल का?

धूर काही दिवस कमी होईल, हे खरं. पण काय होतं ते पाहा. ४० अंश तापमानालाच 20W-50 हे 5W-30 च्या दुपटीहून जास्त जाड असतं. निफाडच्या जानेवारीतल्या सकाळी हा फरक आणखी कितीतरी वाढतो. स्टार्टनंतर कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो आणि तेवढा वेळ लोखंड लोखंडावर घासतं.

‘प्रेशर तर वाढलं ना’ असं सांगतात. ऑइल पंपावर एक रिलीफ वॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो उघडतो आणि जादा ऑइल परत फिरवतो. थंड, जाड ऑइलने तो लवकर उघडतो. म्हणजे गेजवर दाब भरपूर दिसतो, पण बेअरिंगांतून वाहणारं ऑइल कमी असतं, आणि बेअरिंग थंड ठेवण्याचं काम या वाहण्यावरच चालतं.

शिवाय कार्बनने अर्ध्या बुजलेल्या ऑइल रिंगेच्या बारीक भोकांतून जाड ऑइल आणखीच कमी परत उतरतं, त्यामुळे काही इंजिनांत खप उलट वाढतो. व्हीव्हीटी, म्हणजे ऑइलच्या दाबाने वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनांत तिच्या बारीक वाटांतून ऑइल वेळेवर सरकत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागून P0011 सारखा कोड येऊ शकतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या, मोठ्या फटींच्या इंजिनांना 20W-50 शोभायचं. आजच्या इंजिनांना नाही.

टॅपेट कव्हरमधून किंवा मागच्या सीलमधून थोडं गळतं. हाय मायलेज ऑइलने थांबेल?

इथे मजुरीचा हिशेब करा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग स्वस्त आहे आणि तासाभरात बदलतं, तिथे ऑइलवर भरवसा ठेवून थांबण्यात अर्थ नाही. क्रँकशाफ्टचं मागचं सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय निघत नाही. तिथून रात्रीत एखाद-दुसरा थेंब पडत असेल तर सील नरम करणारं ऑइल दोन बदल वापरून बघणं हा शहाणपणाचा खर्च आहे. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच, त्याच वेळी ते सील बदलून घ्या. थेंबाची धार झाली असेल तर वाट पाहू नका, ऑइल क्लचवर गेलं की तो घसरू लागतो.

सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळायला लागते म्हणतात?

सिंथेटिक ऑइल चांगलं सील खराब करत नाही. आधीच फाटलेल्या जागी जमलेला गाळ ते धुऊन काढतं, आणि मग आधीपासून असलेली गळती दिसू लागते.

इंजिन फ्लश करून घेऊ का?

टॅपेट कव्हरवरचं ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. धातू सोनेरी-तपकिरी दिसत असेल तर फ्लशची गरजच नाही. काळा, बोटाने खरवडून निघेल असा थर असेल तर फ्लश धोक्याचा आहे: पंधरा मिनिटांत सुटलेले तुकडे चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात आणि पंपाला ऑइलच मिळत नाही. त्यापेक्षा मॅन्युअलच्या ग्रेडचं साधं, चांगलं ऑइल टाकून दोनदा अडीच-तीन हजार किमीवर फिल्टरसकट बदला. वेळ जास्त जातो, पण गाळ विरघळून निघतो, तुकड्यांनी नाही.

झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे वाफ साचून तसं होतं. मात्र कुलंटची पातळीही उतरत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

टॉपअप करत राहिलं तर ऑइल बदलायची गरज उरते का?

उरते. टॉपअपने पातळी राखली जाते, पण काजळी, आम्ल आणि न जळलेलं पेट्रोल चेंबरमध्येच राहतं, फिल्टरही भरत जातो. झिजलेल्या रिंगांतून वायू जास्त खाली येतात, म्हणून अशा गाडीचं ऑइल लवकर घाण होतं. मॅन्युअल दहा हजार म्हणत असेल तर पाच ते साडेसात हजारांवर किंवा वर्षाने बदला.

टॉपअप करताना वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. ‘खातेच आहे तर अर्धा लिटर जास्त’ हा हिशेब उलटा पडतो. क्रँकशाफ्ट त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि पीसीव्हीतून ते आणखी वेगाने जळतं.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला वेगळं काय?

सीएनजीवर काजळी कमी होते, म्हणून ऑइल बरेच दिवस सोनेरी दिसतं. त्या रंगावर जाऊ नका. सीएनजी गरम जळतो, ऑइल उष्णतेने आणि नायट्रोजनच्या संयुगांनी जुनं होतं आणि आपोआप जाड होत जातं. किलोमीटर मोजूनच बदला.

डिझेल गाडीला हेच लागू आहे का?

मोजायची पद्धत तीच. टर्बोचं सील गेलं तरी ऑइल जळतं, तेव्हा इंटरकूलरची नळी काढून आत ऑइल साचलंय का ते पाहा. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि जळलेल्या ऑइलची राख त्यात कायमची साठते, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल टाका. त्यात हाय मायलेजचा कोणताही डबा आपल्या मनाने ओतू नका.

गरम इंजिनावर आयडलला लाल ऑइलचा दिवा लुकलुकतो. जाड ऑइल टाकू?

गाडी लगेच बंद करा आणि पातळी बघा. पातळी बरोबर असेल तर प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब मोजून घ्या. गेजवर दाब चांगला आला तर स्विच खराब आहे, तो स्वस्त आहे. दाब खरंच कमी असेल तर बेअरिंग, पंप किंवा तुंबलेली जाळी, यातलं काहीतरी आहे. जाड ऑइलने दिवा विझेल, पण बेअरिंगची झीज चालूच राहील.

‘हाफ इंजिन’ करायची वेळ कधी आली म्हणायचं?

पीसीव्ही नवा, दोन चांगले ऑइल बदल झालेले, एक पायरी जाड ऑइलही वापरून झालं, आणि तरी हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जातंय, तेव्हा. दोष फक्त वॉल्व्ह सीलचा असेल तर पूर्ण हाफ इंजिन करू नका. अनेक इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून वॉल्व्ह सील बदलता येतात. प्लगवर तेलकट काजळी आणि वेट टेस्टला आकडा वर, असं असेल तर रिंगांचं काम करावं लागणार. तेव्हा बोअर मायक्रोमीटरने मोजून घ्यायला सांगा. बोअर लंबगोल झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा काही हजार किलोमीटरमध्येच परत ऑइल खायला लागतात.

लांबवत राहिलात तर जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, आणि पीयूसीत गाडी नापास होते.

जुनी गाडी विकत घेताना मालकाने जाड ऑइल भरून धूर लपवलाय का, कसं ओळखायचं?

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी फोन करून इंजिन सुरू करू नका असं सांगा. बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करा. डिपस्टिकवरचं ऑइल हिवाळ्याच्या सकाळी जाड, सावकाश ओघळणारं आणि अगदी नवंकोरं दिसत असेल तर शेवटचा ऑइल बदल कधी, कुठल्या ग्रेडने केला त्याचं बिल मागा. ऑइल भरायचं झाकण आयडलला काढून तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. निरोगी इंजिनात तो हलका ओढला जातो किंवा जागेवर थरथरतो, झिजलेल्या इंजिनात वायूच्या झोताने उडतो. ऑइल कितीही जाड भरलं तरी हा झोत लपत नाही.